नवऱ्याचा गप्प झालेला मित्र

नवऱ्याचा गप्प झालेला मित्र हा मुळात गप्प माणूस नसतो. ही या प्रकाराची पहिली अट. जो जन्मतःच लाजाळू आहे, लग्नात जेवणाच्या पंगतीतही ‘पुरे’ म्हणायला संकोचतो, तो या वर्गात मोडत नाही. गप्प होणाऱ्याला आधी भरपूर बोलता यावं लागतं. नवऱ्याच्या हॉस्टेलच्या दिवसांतला तो साथीदार असतो. घरात शिरताच चपला दाराआड सारून तो थेट स्वयंपाकघरात येतो आणि मित्राच्या बायकोला नावाने हाक मारून, ‘अगं, चहात आलं टाकलंयस ना?’ असं विचारतो. असा माणूस एका रविवारी येतो, सोफ्याच्या कडेवर टेकतो आणि विचारतो, ‘कशा आहात वहिनी?’ इथून लक्षणांना सुरुवात होते.

‘अगं’वरून ‘अहो’वर जाणं हे सगळ्यात भरवशाचं लक्षण. पाठोपाठ दुसरं येतं. ती ट्रे घेऊन बैठकीत आली की चालू वाक्य क्रियापदाच्या अलीकडे तुटतं आणि तिसराच कोणीतरी कात्रज बोगद्यातल्या ट्रॅफिकबद्दल बोलू लागतो. तिसरं लक्षण म्हणजे कौतुक. गेली सहा वर्षं ज्या पडद्यांकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही, ते पडदे अचानक सुंदर ठरतात. पोह्यांची इतकी तारीफ होते की त्यात मीठ राहिलंय हे सांगायची कोणाची हिंमत होत नाही. शेवटी, एरवी रात्री अकराला हाकलावं लागणारा हा गृहस्थ साडेआठलाच ‘उद्या सकाळी मीटिंग आहे’ म्हणून उठतो. उद्या २ ऑक्टोबर असला तरी.

मैत्रिणींमध्ये हाच विकार उलट दिशेने दिसतो. बायकोच्या मैत्रिणी तिच्या नवऱ्यासमोर गप्प होत नाहीत, त्यांचा आवाज चढतो. त्या एकमेकींकडे न पाहता हसतात आणि ‘काही नाही, असंच’ हे उत्तर प्रश्न येण्याआधीच देतात. मात्र नवऱ्याला यातलं काही कळायला साधारण दोन-तीन महिने लागतात, त्यामुळे या शाखेचा अभ्यास फारसा झालेला नाही.

माणूस असा का वागतो, याचा शोध अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठात सिडनी रोझेन आणि अब्राहम टेसर या मानसशास्त्रज्ञांनी घेतला. त्यांचा १९७० चा प्रयोग साधा होता. एखाद्याला सांगायचं की अमुक माणसासाठी घरून निरोप आला आहे, आणि तो निरोप पोचवतो कसा हे पाहायचं. निरोप चांगला असला की लोक तो सविस्तर सांगत. वाईट असला की ‘घरी फोन करायला सांगितलंय’ एवढ्यावर आटोपून मोकळे होत. वाईट बातमी आपण घडवलेली नसली तरी ती उच्चारणं माणसाला अपराधासारखं वाटतं. नवऱ्याच्या मित्राची अडचण याहून एक पायरी वर आहे. त्या प्रयोगातल्या माणसाला निदान निरोप द्यायला सांगितलं होतं. याला तो न देण्याची शपथ घातलेली असते, आणि ज्याने घातली तो शेजारीच बसून पोहे खात असतो.

आता त्याला माहीत काय असतं, हा प्रश्न. बायकोच्या मनात पहिला विचार दुसऱ्या बाईचा येतो. मराठी मालिका पाहणाऱ्या घरात तो येणं साहजिकच आहे. पण अशा प्रकरणाची मित्रांच्या अख्ख्या टोळक्याला खबर असणं अवघड असतं. ते करणारा माणूस ती गोष्ट पाच जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकत नाही, फार तर एकाला सांगतो. म्हणून सगळेच एकदम गप्प झाले असतील तर हे कारण यादीत खाली ढकलावं. एकच जण गप्प झाला असेल आणि बाकीचे नेहमीसारखे दंगा करत असतील, तर मात्र ते पुन्हा वर घ्यावं. सरप्राइज पार्टीचं कारण ओळखणं सगळ्यात सोपं. त्यात मित्र गप्प असले तरी त्यांचे चेहरे हसरे असतात, आणि तिच्या वाढदिवसाची तारीख तिला ठाऊक असतेच.

पैशाचं कारण जास्त सापडतं. नवऱ्याने मित्रांकडून उसने घेतलेले असतात आणि घरी सांगितलेलं नसतं. अलीकडे यामागे बऱ्याचदा मोबाइलवरचा ऑप्शन ट्रेडिंगचा उद्योग निघतो. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीनुसार, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत वायदे आणि ऑप्शनच्या बाजारात उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. उरलेल्या सात टक्क्यांत आपण आहोत, असं प्रत्येक नवरा पहिल्या महिन्यात मित्रांना सांगतो. चौथ्या महिन्यात तो त्यांच्याकडे पन्नास हजार मागतो. असा उसने देणारा मित्र नजरेवरून ओळखू येतो. तो बायकोकडे पाहत नाही, घरातल्या वस्तूंकडे पाहतो. नवा मिक्सर दिसला की तो क्षणभर थांबतो. मुलाच्या नव्या सायकलपाशी जरा जास्त वेळ थांबतो. ‘केवढ्याला घेतली?’ हा प्रश्न त्याच्या ओठांवर येतो आणि तिथेच विरतो.

तरीही सगळ्यात मोठा वाटा यांपैकी कशाचाच नाही. बहुतेक वेळा मित्रांना नवरा-बायकोचं भांडण माहीत असतं. ते मिटल्याचं मात्र माहीत नसतं. भांडण सांगायला माणूस मित्रांना फोन करून बोलावतो. मिटल्याचं कळवायला कोणी फोन करत नाही. त्यामुळे मित्रमंडळी आठवडा-आठवडा जुन्या बातमीवर दिवस काढतात, आणि दरम्यान ज्यांच्याविषयी ती बातमी होती ते दोघे कोथिंबिरीची जुडी निवडत बसलेले असतात.

याचा एक नमुना तपशिलात पाहण्यासारखा आहे. पुण्यात आंबेगावला राहणाऱ्या एका जोडप्यात शुक्रवारी संध्याकाळी नवऱ्याच्या जुन्या बुलेटवरून वाजलं. ती विकावी, असं बायकोचं म्हणणं. वर्षातून दोनदा चालते, पार्किंग अडवते आणि दर वेळी गॅरेजवाल्याचं भलं करते. नवरा तणतणत खाली उतरला आणि चहाच्या टपरीवर तीन मित्र गोळा केले. तिथे बुलेटचा मुद्दा दहा मिनिटांत संपला आणि विषय संसारावर गेला. एक जण म्हणाला, ‘तू ऐकून घेतोस ना, म्हणून असं होतं.’ दुसऱ्याने त्याहून पुढे जाऊन, तिचा स्वभाव लग्नाच्या आधीच आपल्याला खटकला होता, असं सांगून टाकलं. तिसऱ्याने आपल्या वकील मावसभावाचा नंबर काढून दिला. नवरा रात्री साडेदहाला हलक्या मनाने घरी गेला. बायको मॅगी करत होती. अकरापर्यंत ठरलं की बुलेट दिवाळीनंतर विकायची आणि तोवर पार्किंगमध्ये आडवी लावायची नाही. नंबर नवऱ्याने सेव्हही केला नव्हता.

रविवारी तिघे मॅच पाहायला आले. बायकोने दार उघडून हसून ‘या’ म्हटलं. ते हसणं पाहून तिघेही हादरले, कारण त्यांच्या हिशोबाने हे घर मोडायच्या बेतात होतं आणि ही बाई किती धीराची, असं त्यांना वाटलं. पहिल्याने पडद्यांचं कौतुक केलं. दुसऱ्याने, आयुष्यात पहिल्यांदाच, स्वतःची बशी विसळून ठेवली. वकिलाचा भाऊ असलेला तिसरा तर ओव्हर संपायच्या आत निघून गेला. बायकोने त्या रात्री नवऱ्याला विचारलं, ‘यांना झालंय काय?’ नवरा शुक्रवार विसरून गेला होता, म्हणून तो प्रामाणिकपणे म्हणाला, ‘काय झालंय? काही नाही.’ हे उत्तर खरं होतं, आणि नेमकं म्हणूनच ते संशयास्पद वाटलं.

या नमुन्यातली खरी गंमत शरमेच्या दिशेत आहे. बायकोला वाटतं, यांना माझ्याविषयी किंवा माझ्या नवऱ्याविषयी काहीतरी ठाऊक आहे. मित्राला मात्र ‘आपण काय बोलून बसलो’ याचीच टोचणी लागलेली असते. खटकलेल्या स्वभावाबद्दलचं ते वाक्य नवऱ्याने घरी सांगितलं असेल का, हे त्याला कळायला मार्ग नसतो. तिने सहज विचारलेलं ‘साखर हवी का?’ त्याला उलटतपासणीसारखं ऐकू येतं. ज्याने जितका कडक सल्ला दिला, तो तितका जास्त गप्प. टपरीवर नुसता चहा पिऊन ‘होतं असं घराघरात’ म्हणणारा मित्र दुसऱ्या दिवशीही ‘अगं’ म्हणतच येतो.

मौनावरून आतली गोष्ट ओळखण्याला मर्यादा आहेत. समोरचा खरं बोलतोय की खोटं, हे नुसतं बघून-ऐकून ओळखण्याबद्दलच्या दोनशेहून अधिक अभ्यासांचा एकत्र आढावा चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ मध्ये घेतला. त्यात बरोबर निघालेल्या अंदाजांचं प्रमाण सुमारे ५४ टक्के होतं. नाणं उडवून निर्णय घेणाऱ्यापेक्षा हे फार वर नाही. काहीतरी दडवलंय एवढं चेहऱ्यावरून वाटतं, काय दडवलंय ते चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं.

मित्रालाच गाठून विचारणं हा उपाय जवळजवळ हमखास फसतो. त्याने सांगितलं तर मैत्री जाते, नाही सांगितलं तर चेहरा जातो. तो ‘छे, काही नाही वहिनी’ म्हणतो, लिफ्टमधूनच नवऱ्याला फोन लावतो, आणि मग दोघे मिळून एक अशी हकिकत रचतात की मूळ कारण त्यापुढे निरुपद्रवी वाटावं. नवऱ्याला ‘काय झालंय?’ असं मोघम विचारूनही उपयोग नाही, हे वर दिसलंच. ‘शुक्रवारी टपरीवर काय बोलणं झालं?’ असा वार आणि जागा घालून विचारलेला प्रश्न बराच आत जातो.

प्रत्यक्षात उलगडा बहुधा तिसऱ्याच वाटेने होतो. मित्र बायकोसमोर गप्प असतो, स्वतःच्या बायकोसमोर नसतो. आंबेगावच्या प्रकरणात मंगळवारी दुपारी दुसऱ्या मित्राच्या बायकोचा फोन आला. तिने भिशीची चौकशी केली, मुलांच्या परीक्षा विचारल्या आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, ‘तुमचं मिटलं का गं?’ पुढच्या बारा मिनिटांत बुलेट, वकील आणि खटकलेला स्वभाव असं सगळं क्रमाने बाहेर आलं.

हा विकार किती दिवस टिकेल, ते कारणावर अवलंबून असतं. सरप्राइजवाले केक कापताक्षणी बरे होतात. उसने दिलेल्याचा आवाज फोनवर पैसे जमा झाल्याचा मेसेज वाजला की त्याच मिनिटाला परत येतो, आणि त्यानंतर तो सायकलची किंमतही मोकळेपणाने विचारतो. वकिलाचा नंबर देणारा वर्षभरात सावरतो, कारण त्याने मदतच करू पाहिली होती. स्वभाव लग्नाआधीच खटकला होता असं सांगणारा मात्र बुलेट विकली जाऊन तिच्या जागी स्कूटर आल्यावरही ‘अहो वहिनी’च म्हणत राहतो आणि दर दिवाळीला गरजेपेक्षा मोठा मिठाईचा डबा आणतो. बायको तो डबा घेते, दोन वेळा आग्रह करून त्याला चकली वाढते, आणि आपल्याला सगळं ठाऊक आहे हे त्याला कधीच कळू देत नाही.