नानांच्या डोक्यामागचं वलय

आमच्या तालुक्याच्या गावात नानांचा फोटो स्टुडिओ चाळीसेक वर्षं चालला. एवढ्या काळात नानांनी किती खोटेपणा केला त्याला गणती नाही. निगेटिव्हवर अणकुचीदार पेन्सिल फिरवून त्यांनी देवीचे व्रण बुजवले. वारलेल्या आजोबांना जुन्या ग्रुप फोटोतून कापून काढलं, एकट्यांना खुर्चीत बसवलं, अंगात कोट चढवला आणि डोक्याला फेटा बांधला. लग्नाच्या अल्बममध्ये नवरदेवाच्या तळहातावर नवरी उभी केली. पंचक्रोशीबाहेर पाऊल न टाकलेल्या जोडप्यांच्या मागे स्वित्झर्लंड लावलं. त्यावर गावात कुणी चकार शब्द काढला नाही. उलट त्या कोटवाल्या आजोबांना रोज हार पडतो आणि घरचे पाहुण्यांना सांगतात, 'अगदी अस्सेच दिसायचे हो.'

नाना खोटारडे ठरले ते आयुष्यात काढलेल्या एका बिनटचिंगच्या फोटोमुळे.

पावसाळा सरता सरता नाना गावातल्या दोन मास्तरांबरोबर हरिश्चंद्रगडावर गेले होते. सकाळी तिघे कोकणकड्याच्या अलीकडे उभे राहिले. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळचं ऊन पाठीवर येतं आणि समोरच्या दरीत कोकणातून वर चढणारं धुकं असतं. सूर्य मागे, धुकं पुढे आणि मध्ये आपण, एवढा योग जुळला की धुक्यावर आपली सावली पडते आणि सावलीच्या डोक्याभोवती रंगीत कडं उमटतं. ट्रेकवाली मंडळी त्याला इंद्रवज्र म्हणतात. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं या गडावरच्या गोल इंद्रधनुष्याचं वर्णन १८३५ साली छापलं. त्या काळी कॉमेंट करायची सोय नव्हती, म्हणून साहेबाची अब्रू वाचली.

नानांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि धुकं विरेपर्यंत बटण दाबत राहिले. फोटोत तीन लांबुळक्या सावल्या आल्या. कडं मात्र एकाच सावलीच्या डोक्याभोवती होतं. नानांच्या. घरी आल्यावर नातवानं तो जसाच्या तसा मोबाइलवरून टाकला आणि संध्याकाळपर्यंत महाराष्ट्रातले यच्चयावत प्रकाशशास्त्रज्ञ जागे झाले.

पहिला आक्षेप नैतिक स्वरूपाचा होता. 'तिघे उभे असताना वलय फक्त फोटोग्राफरलाच? संत समजतो का स्वतःला?' आता गंमत अशी की हे कडं धुक्यावर कुठे छापलेलं नसतं. धुक्याचे बारीक थेंब सूर्याचा प्रकाश जवळजवळ आल्या वाटेनं माघारी धाडतात. त्यामुळे कडं बरोबर सूर्याच्या विरुद्ध दिशेला दिसतं आणि त्या दिशेला ज्याच्या त्याच्या स्वतःच्या डोक्याची सावली असते. तिघांनी तीन कडी पाहिली, प्रत्येकानं आपापल्या डोक्याभोवती. कॅमेऱ्यानं कॅमेऱ्याभोवतीचं पाहिलं, आणि कॅमेरा नानांच्या डोळ्याला होता. कड्याचा मध्य कॅमेऱ्याच्या सावलीवरून जरा जरी सरकला असता तर फोटोचा संशय घ्यायला खरंच जागा होती. म्हणजे जी खऱ्याची खूण, तीच पंचांनी गुन्ह्याचा पुरावा म्हणून जप्त केली.

थोरल्या मास्तरांना हे बघवेना. मित्राच्या मदतीला म्हणून त्यांनी त्याच वेळी आपल्या मोबाइलवर काढलेला फोटो टाकला. त्यात कडं मास्तरांच्या डोक्याभोवती होतं. झालं! 'एकच जागा, एकच वेळ आणि गोल या डोक्यावरून त्या डोक्यावर? एडिट करणाऱ्याला लेयर नीट ठेवता आला नाही!' दोन्ही फोटो शेजारी लावून, लाल बाण मारून एकानं व्हिडिओ केला. त्याला मिळालेले बदाम नानांच्या फोटोपेक्षा पुष्कळ जास्त होते.

मग अभ्यासू मंडळी आली. इंद्रधनुष्याची त्रिज्या साधारण ४२ अंश असते, याची तर चार-पाच अंशांचीच दिसते, सबब बनावट, असा निकाल एका अभियंत्यानं दिला. ४२चा आकडा खरा आहे, पण तो पावसाच्या टपोऱ्या थेंबांचा. धुक्याचा थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा असतो आणि त्याचं कडं काही अंशांतच आटोपतं. थेंब जितके बारीक तितकं कडं मोठं. पण अर्धं पुस्तक वाचलेल्या माणसाला उरलेलं अर्धं कोण वाचून दाखवणार?

यानंतर फॉरेन्सिक विभाग हजर झाला. जेपेग फोटो पुन्हा एकदा ठरावीक दर्जावर साठवायचा आणि कुठल्या भागात किती फरक पडला ते उजळ-काळं करून पाहायचं, अशी एक चाचणी आहे. बाहेरून आणून चिकटवलेला भाग वेगळा उजळू शकतो, ही तिच्यामागची कल्पना. अडचण एवढीच की गडद सावलीची कड फिक्या धुक्याला जिथे भिडते तिथे ती आपसूकच उजळते आणि फोटो एकदा मोबाइलवरून दाबून पाठवला की त्या चाचणीला फारसा अर्थ राहत नाही. इथे सावलीच्या कडा चमकल्या आणि लोक म्हणाले, 'हे बघा, कात्रीची खूण.' पॉल हॅन्सन या स्वीडिश छायाचित्रकाराच्या गाझातल्या अंत्ययात्रेच्या फोटोवर २०१३ मध्ये असाच गदारोळ झाला होता. त्यानं रंगछटा कमी-जास्त केल्या होत्या, पण तज्ज्ञांनी मूळ फाइल तपासली तेव्हा जोडकाम काही निघालं नाही. त्याच्याकडे वर्ल्ड प्रेस फोटोचे तज्ज्ञ होते. नानांकडे नातू होता.

नातवानं रॉ फाइल चढवली. कॅमेऱ्याच्या सेन्सरनं टिपलेली ही कच्ची नोंद. फोटो सुधारण्याची सॉफ्टवेअर्स सहसा तिला हात लावत नाहीत, आपले फेरफार वेगळे लिहून ठेवतात. म्हणून ती पाहणं हा खरा उपाय. तिच्या जोडीला आधीच्या आणि नंतरच्या नंबरांच्या फाइलीही दिल्या. त्यांत धुकं पुढे सरकतंय, कडं फिकं होतंय, परत उमटतंय असा सगळा सिलसिला होता. एक फ्रेम कुणी बनवील, पण ओळीनं येणारं, दर वेळी वेगळं धुकं बनवायचं तर कडा चढून फोटो काढणंच स्वस्त पडेल.

प्रतिसाद आले. 'फाइल उघडत नाही, व्हायरस असणार.' 'उघडली, पण रंग फिके आहेत, म्हणजे टाकलेला फोटो रंगवलेला.' (रॉ फाइल फिकी दिसू शकते. कच्चं पीठ आणि भाकरी यांचा रंग एक नसतो.) एका सज्जनांनी लिहिलं, 'एवढे पुरावे देतोय, म्हणजे नक्कीच काहीतरी लपवतोय.' यावर कुठल्याही कॅमेरा कंपनीनं अजून तोडगा काढलेला नाही.

आठवडाभरानं नानांनी फोटो काढून टाकला. त्यावर शेवटची पोस्ट पडली, 'पळाला!'

मागच्या महिन्यात गल्लीतला एक कार्यकर्ता स्टुडिओत आला. हातात भाऊंचा फोटो, पांढरा शर्ट, गॉगल, कानाला मोबाइल.

'नाना, ते गोल भाऊंच्या डोक्यामागे टाकून द्या. वाढदिवसाचा फ्लेक्स आहे. वीस बाय दहा.'

'ते खोटं होतं ना रे?'

'तुमचं खोटं होतं. भाऊंना शोभेल.'

नानांनी आधी पैसे घेतले. मग भाऊंच्या हनुवटीखालची वळी काढली, रंग दोन छटा उजळ केला आणि वलय लावलं. कार्यकर्त्याच्या आग्रहाखातर मागच्या चारही पदाधिकाऱ्यांना एकेक छोटं वलय दिलं, म्हणजे कुणी रुसायला नको. फ्लेक्सचा फोटो ग्रुपवर पडला. खाली दीडेकशे हात जोडलेले आणि त्याच अभियंत्याची टिप्पणी: 'भाऊंचं तेज! लाइट काय सुंदर पकडलाय. फोटोग्राफर कोण?'