मुकादमाची डायरी आणि सरकारची डायरी

धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार. या पट्ट्यातल्या कुठल्याही ऊसतोड मुकादमाच्या खिशातली डायरी काढून बघा. कोणत्या कोयत्याने किती उचल घेतली, पोळ्याला किती, दसऱ्याला किती, लेकराच्या दवाखान्याला किती, सगळं तारीखवार. तीन वर्षांपूर्वी अंगावर राहिलेले साडेचार हजारही त्यात जिवंत असतात. एवढ्या बारकाईने हिशेब ठेवणारा जिल्हा दुसरा नसावा. फक्त एक आकडा त्या डायरीत सापडत नाही: तिच्या मालकाने वर्षात कमावलं किती?

तो आकडा मग दुसरंच कुणीतरी लिहितं. कारखाना बिल काढतो, त्यातून 1 टक्का टीडीएस कापतो आणि मुकादमाच्या पॅनवर भरतो. 26एएस नावाच्या उताऱ्यात तो कापलेला पैसा दिसतो, आणि ज्या रकमेवर कापला ती अख्खी रक्कमही दिसते. मजुरांच्या वाट्याचीसुद्धा. जुलैत कर सल्लागाराने उतारा उघडला की आमचा माणूस खुर्चीतून उठतो, “अहो, एवढे पैसे मी पाहिले तरी का?”

पाहिले. खात्यावरून गेले. तुम्ही लिहून ठेवलं नाही, एवढंच.

एक हिशेब मांडू. करार स्वतःच्या नावावर, कोयते तीस, म्हणजे नवरा-बायकोच्या तीस जोड्या. हंगाम 2025-26. कोयत्यामागे 200 टन धरले तर 6,000 टन. तोडणीचा दर टनाला 366 रुपये, म्हणजे मजुरी 21 लाख 96 हजार. त्यावर मुकादमाचं 20 टक्के कमिशन, 4 लाख 39 हजार 200. कारखान्याचं बिल झालं 26 लाख 35 हजार 200, टीडीएस 26 हजार 352. वाहतुकीचं बिल निराळं, ते आज बाजूला ठेवू. टीडीएस 25 हजारांच्या वर गेला की उत्पन्न कितीही कमी असो, विवरणपत्र भरावंच लागतं. ‘माझं उत्पन्न करपात्रच नाही’ हे पारावर सांगायला ठीक आहे.

आता मुकादम डायरी काढतो आणि म्हणतो, “तीस कोयत्यांना लाख-लाख उचल दिली. खर्च तीस लाख. आले सव्वीस. मी तर 3 लाख 64 हजार 800 रुपये घाट्यात!”

गोची इथेच आहे. उचल हा खर्च नाही. ऊस तुटला, वजनकाट्यावर गेला, टन पडले, तेवढीच उचल फिटली आणि तेवढाच खर्च झाला. एका कोयत्याचे 200 टन म्हणजे 73 हजार 200. लाखातले उरलेले 26 हजार 800 मजुराच्या अंगावर राहिले, म्हणजे मुकादमाचं येणं झालं. तीस कोयत्यांचं मिळून 8 लाख 4 हजार. हे येणं खर्चात ढकललं की नफ्याचा घाटा होतो. गंमत अशी की मजुराशी बोलताना हाच माणूस कधी चुकत नाही. तिथे 26 हजार 800 ही बाकी असते, पुढच्या हंगामाला टोळीत यायचं बंधन असते. प्राप्तिकराच्या कागदावर मात्र तीच बाकी खर्च होऊन बसते.

उलटी बाजूही तशीच. कारखान्याकडून किंवा त्याच्या हमीवर बँकेकडून मुकादमाच्या खात्यात आलेली उचल ही कमाई नाही, देणं आहे. पण बँकेच्या उताऱ्यात ती पंधरा-वीस लाखांची जमा म्हणून झळकते. ती कुठून आली, कोणत्या करारापोटी आली आणि कोणत्या पंधरवडा बिलातून किती वळती झाली, हे दाखवणारा कागद हवा. तो कागद म्हणजे पंधरवडा बिलच. पण बिल हातात पडलं की लोक शेवटची ओळ वाचतात, निव्वळ देय रक्कम. वर लिहिलेले टन, दर, उचलीची कपात आणि टीडीएस यांचं वाचन जुलैपर्यंत तहकूब. तोवर बिल ट्रॅक्टरच्या टपात असतं आणि काट्याची पावती पँटच्या खिशात. थर्मल कागदावरची छपाई बीडच्या एप्रिलपुढे टिकत नाही. मेमध्ये हातात कोरी पट्टी उरते. पावती मिळाली त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढून कोयत्याच्या नावाने ठेवायला लागतं अर्धं मिनिट. तेवढ्यात तंबाखू मळून होते, त्यामुळे स्पर्धा तगडी आहे.

सर्वांत महाग पडते ती रोकड. एका माणसाला एका दिवसात 10 हजारांहून जास्त रोख दिली, तर ठरावीक अपवाद सोडून तो खर्च कायद्याला मान्य नाही. आणि आपल्याकडे उचल म्हणजे रात्री नऊला पिशवीतून काढलेले लाख रुपये. डायरीत अंगठा असतो, पण ती अंगठ्याची ओळख मजुराला बांधायला पुरते, अधिकाऱ्याला पटवायला नाही. 21 लाख 96 हजारांची मजुरी सिद्धच झाली नाही तर काय? 26 लाख 35 हजार उत्पन्न धरून नव्या पद्धतीत सेससह सुमारे 3 लाख 85 हजार कर बसतो. अख्ख्या हंगामाचं कमिशन होतं 4 लाख 39 हजार.

यावर तालुक्याच्या ठिकाणी एक रामबाण मिळतो: “सहा टक्के दाखवा, वह्या जाळा.” छोट्या धंद्याला अंदाजे नफा दाखवायची सवलत आहे, हे खरं. बँकेतून आलेल्या उलाढालीवर 6 टक्के, रोखीवर 8. पण कमिशनच्या कमाईला ती सवलत नाही. म्हणून करारात तुम्ही ठेकेदार आहात की कमिशनवरचे मुकादम, हे सही करण्याआधी वाचायचं असतं. शिवाय 26 लाख 35 हजारांचे 6 टक्के म्हणजे 1 लाख 58 हजार. हा नफ्याचा तळ आहे. प्रत्यक्षात जास्त सुटले असतील तर जास्तच दाखवायचे. जाळलेल्या वहीतून ते कसं कळणार, हे रामबाणवाला सांगत नाही.

पळालेल्या कोयत्यांचंही या सहा टक्क्यांत काही होत नाही. उचल घेऊन दुसऱ्याच कारखान्यावर गेलेली तीन जोडपी म्हणजे तीन लाख. ते बुडाले, धंद्यात बुडाले, तर वजावट मागता येते. पण त्यासाठी पैसे दिल्याची बँकेची नोंद, लेखी करार आणि वसुलीला धावल्याचा काहीतरी कागद पाहिजे. गाडी करून कर्नाटकात चार माणसं पाठवली होती, हा वसुलीचा पुरावा होत नाही. दुसऱ्याच कशाचा तरी होतो.

उपाय फार अवघड नाही. उचल खात्यावर द्यायची, आणि कोयत्यामागे एक पान: दिलेली उचल, पंधरवड्याचे टन, फिटलेली रक्कम, 31 मार्चची बाकी. हंगाम मार्चअखेर ओलांडतो, बरंच कमिशन नि डिपॉझिट त्यानंतर सुटतं, म्हणून बिलाची तारीख आणि पैसे आल्याची तारीख दोन्ही लिहायच्या. आणि पानाच्या डोक्यावर कोयत्यातली दोन्ही नावं. ऊस दोघं तोडतात, मोळी बहुतेक वेळा बाईच्या डोक्यावर असते, आणि डायरीत नाव, अंगठा एकट्या नवऱ्याचा. मजुरीचा निम्मा पैसा तिच्या खात्यावर गेला तर मुकादमाचा खर्च तेवढाच पक्का होतो. वर वहीचं पान फाडून कुणी तिची बाकी वाढवायची सोयही जाते. एवढा चोख हिशेब ठेवायला काही मुकादम का कचरतात, याचं कारण प्राप्तिकर खात्यात शोधू नका.