नव्वद कशापैकी?

आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयो परगण्यातल्या आमच्या गावात सकाळी दूध आणायला निघालं की कुंपणापलीकडून प्रश्न येतो, "काय क्रॅक?" विचारणारा माझा शेजारी. सत्तरी ओलांडलेला, अविवाहित, मेंढ्या पाळणारा. या प्रश्नाचं रीतसर उत्तर एकच आहे: "काहीच नाही. तुझ्याकडे?" त्यावर तो तितक्याच रीतसर सांगतो, "काडीची नाही." दोन्ही बाजूंनी सांगण्यासारखं काहीही नाही याची अशी खातरजमा झाली की मग आम्ही फाटकावर कोपरं टेकतो आणि बोलायला सुरुवात करतो.

आणि मग काय काय निघतं! वळणावरच्या घरातली मुलगी ऑस्ट्रेलियाहून परत आली आहे आणि सोबत एक मित्र आहे जो बटाटा खात नाही. खालचं शेत विकलं गेलं, कोणाला ते कळलंय पण सांगायचं नाही, आणि मग तो सांगतो. चर्चजवळचे अमुक गेले, अंत्यविधी गुरुवारी अकराला. ते त्याने सकाळीच स्थानिक रेडिओवर ऐकलंय, कारण इकडची रेडिओ केंद्रं हवामान सांगावं तशी रोज मृत्यूच्या बातम्या वाचतात. गेलेला माणूस जिवंतपणी ट्रॅक्टरच्या किमतीवरून किती घासाघीस करायचा, हेही त्याच दमात येतं, त्याच्या आवाजाच्या नकलेसकट. घरात चहाचं आधण आटून जातं.

आता या सगळ्याला बातम्या म्हणावं, करमणूक म्हणावं की शेजारधर्म? इकडची माणसं तिन्हीला मिळून क्रॅक म्हणतात. उच्चार तडा जाण्याच्या क्रॅकसारखाच, फक्त लिहिताना सी, आर, ए, आय, सी. आयरिश भाषेत हा शब्द स्त्रीलिंगी आहे, म्हणून मीही तिला 'ती'च म्हणतो. "काय क्रॅक?" म्हणजे काय बातमी. "काल क्रॅक होती" म्हणजे मजा आली. "त्या बसची काय क्रॅक आहे?" म्हणजे ती अजून का आली नाही आणि यात दोष कोणाचा. आणि "तो माणूस चांगली क्रॅक आहे" असंही म्हणतात. त्याच्याकडे क्रॅक असते असं नव्हे, तोच क्रॅक असतो.

हे तिन्ही अर्थ एका ठिकाणी कसे आले, याचं कारण मला इथल्या हिवाळ्यात सापडतं. डिसेंबरमध्ये इथे सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सकाळी नऊच्या आसपास उगवतो. दूरदर्शन तर सोडाच, वीजही गावात पोचली नव्हती तेव्हा एवढ्या लांबलचक रात्रीचं करायचं काय? त्यावर आयरिश खेड्यांनी काढलेला तोडगा म्हणजे रात्रीचं शेजारी जाणं. आयरिशमध्ये याला कुठे 'आर्न्यॉल' म्हणत. उत्तरेकडे त्यालाच 'केली' म्हणत. त्या शब्दाला नाचगाण्याच्या कार्यक्रमाचा अर्थ पुढे चिकटला, मुळात ती नुसती शेजाऱ्याकडची फेरी. प्रत्येक वस्तीत असं एखादं घर ठरलेलं असायचं. आमंत्रण नाही, दार ठोठावणं नाही. कडी उचलायची, आत शिरायचं, धुमसणाऱ्या पीटच्या आगीपाशी जागा धरायची. एकजण जत्रेत वासरांना काय भाव मिळाला ते घेऊन यायचा, दुसऱ्याकडे बॉस्टनहून आलेलं पत्र, तिसऱ्याकडे फिडल. चौथ्याकडे काहीच नसायचं, पण तो पहिल्या तिघांची टर उडवायचा. माझ्या मते खरा आधार तोच.

वासरांचा भाव ही बातमी, ती सांगण्याची ऐट ही गंमत, आणि ऐकायला जमलेली माणसं ही संगत. वेगवेगळी मिळण्याची सोयच नव्हती.

गंमत पुढेच आहे. आयरिश मनाचा अर्क म्हणून जगभर मिरवणारा हा शब्द मुळात आयरिश नाहीच. तो स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडचा. रॉबर्ट बर्न्स या स्कॉटिश कवीने 1785 साली लिहिलेल्या एका पद्यपत्रात तो गप्पांच्या अर्थाने येतो. तिथेही शेजारीपाजारी संध्याकाळी जमलेत आणि हातांनी मोजे विणता विणता तोंडाने क्रॅक चालू आहे. तिथून तो समुद्र ओलांडून अल्स्टरला आला, हळूहळू दक्षिणेला सरकला, आणि आयरिश भाषिकांनी त्याला आपल्या लिपीच्या वळणाने लिहायला सुरुवात केली. 1970 च्या दशकात शॉन बान ब्रानॅख यांच्या आयरिश भाषेतल्या टीव्ही कार्यक्रमात गाणं, गप्पा आणि क्रॅक असं तिहेरी आमंत्रण असायचं, त्याने हे स्पेलिंग घराघरांत गेलं. इंग्रजी लिहिताना मात्र आयरिश लोक त्यानंतरही बरीच वर्षं साधं इंग्रजी 'क्रॅक'च लिहीत होते. 'आयरिश टाइम्स'मध्ये शब्दांवर सदर लिहिणारे भाषाभ्यासक डिअर्मिड ओ मुरिहा यांना तर या आयरिश वेषांतराचा मनस्वी राग होता; चांगल्या जुन्या शब्दाला उगाच हिरवा सदरा कशाला, असा त्यांचा सूर. त्यांची व्युत्पत्ती बरोबर असेल. पण शेजाऱ्याला मी हा इतिहास सांगितला तेव्हा तो म्हणाला, "मेंढ्याही स्कॉटलंडच्याच आहेत माझ्या." आणि विषय संपला.

पुढे 1990 च्या दशकात आयरिश पबच निर्यात होऊ लागले. लाकडी काउंटर, जुनाट आरसे, कधीही न वाजणारं ॲकॉर्डियन, सगळं डब्लिनला तयार करून परदेशी पाठवायचं. त्या सामानाबरोबर हा शब्दही फळ्यांवर रंगवला गेला: आज रात्री क्रॅक, आठ वाजता. इथली माणसं अशा पाटीखालून आत जायला कचरतात. आठ वाजता संगीत मिळेल, सूप मिळेल. क्रॅकची वेळ कोण देणार? ती बिघडायलाही फार काही लागत नाही. एखादा आपल्या नोकरीबद्दल सलग बोलत राहिला की पुरे. एखाद्याला चेष्टा सोसली नाही की पुरे. इथे ओळख पटल्याची खूण म्हणजे अपमान. मला पहिल्यांदा कोणीतरी गंभीरपणे विचारलं, "आजारी होतास का? नाही? म्हणजे चेहराच असा आहे होय," तेव्हा शेजाऱ्याने माझं अभिनंदन केलं. जो अशा वेळी खुलासा देऊ लागतो त्याला 'मायनस क्रॅक' म्हणतात. म्हणजे तो नुसता कंटाळवाणा नसतो. तो आला की टेबलावर आधी असलेलीही वजा होते.

वजाबाकी आहे तिथे मोजमापही आलंच. क्रिस्टी मूर यांनी 1978 मध्ये ध्वनिमुद्रित केलेलं 'द क्रॅक वॉज नाइन्टी इन द आयल ऑफ मॅन' हे बार्नी रश यांचं गाणं इथे सगळ्यांना पाठ आहे, आणि झकास रात्रीला "क्रॅक नव्वद होती" म्हणायची पद्धत आहे. नव्वद कशापैकी, हे मात्र विचारायचं नसतं. मी विचारलं. शेजाऱ्याने टोपी मागे सरकवली आणि शनिवारच्या रात्रीचा हिशेब मांडला. फिडलवाला आला नाही. बिअर कोमट होती. पबमध्ये मोजून पाच माणसं, त्यातली दोन एकमेकांशी बोलत नाहीत, त्यामुळे तिसऱ्याला निरोप्या व्हावं लागलं, आणि त्याने दोन्हीकडचे निरोप मुद्दाम बदलून सांगितले. कायद्याने विक्री साडेबाराला थांबते. हे घरी पोचले तीनला.

"मग? किती?"

"नव्वद," तो म्हणाला. "फिडलवाला आला असता तर पंच्याऐंशी. त्याला बोलू द्यावं लागतं."