विसार गिळला, पण पचला नाही

समजा, ऐंशी लाखांच्या फ्लॅटचा सौदा ठरला. खरेदीदाराने पाच लाख विसार दिला, बँकेने कर्ज नाकारले आणि सौदा मोडला. मालकाने विसार पावतीतले कलम दाखवून पाच लाख जप्त केले. फ्लॅटही आपलाच, पैसेही आपलेच! देव असा दोन्ही हातांनी क्वचितच देतो.

दोन वर्षांनी आयकर खात्याची नोटीस आली. मालक निर्धास्त होते, कारण सोसायटीतल्या जाणत्यांनी सांगितले होते की ही रक्कम मूळ खरेदी किमतीतून वजा करायची आणि फ्लॅट विकेपर्यंत कराचा विचारही करायचा नाही. सल्ला अचूक होता, फक्त कलम ५१चा तो जमाना ३१ मार्च २०१४ला संपला होता. त्यानंतरची जप्ती कलम ५६(२)(नऊ)खाली थेट ‘इतर स्रोतांतून मिळालेले उत्पन्न’ ठरू लागली. भांडवली नफ्याची सवलत नाही, महागाईचा निर्देशांक नाही. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या मालकाला उपकरासह एक लाख छप्पन हजार भरायचे, व्याज वेगळे.

मालक म्हणाले, “साहेब, विक्री झालीच नाही!”

अधिकारी शांतपणे म्हणाले, “म्हणूनच तर हे कलम लागले.”

एक सांत्वन आहे. हा विसार करपात्र झाल्यामुळे पुढे फ्लॅट विकताना तो खरेदी किमतीतून वजा होणार नाही. एकाच घासावर दोनदा कर न घेण्याइतके सरकार दयाळू आहे. खरेदीदाराच्या पाच लाखांचे सांत्वन मात्र कुठल्याच कलमात सापडत नाही.