हिरवे ते हिरवे

सायखेड्यासारख्या गोदाकाठच्या गावातल्या एखाद्या समितीने मासिक खर्चाच्या आढाव्यासाठी एक्सेलमध्ये सिग्नल बसवावा, ही अभिनंदनाचीच बाब. नियम सुटसुटीत: वर्षाच्या तरतुदीपैकी 80 टक्क्यांपर्यंत खर्च हिरवा, 100 पर्यंत पिवळा, पुढे लाल.

समजा, जुलै उजाडला. नालेसफाईची तरतूद 60,000 रुपये, खर्च शून्य, रंग हिरवागार. हे काम खरे तर पावसाआधीचे. तरतूद महिनावार मांडली असती, तर मेअखेरच्या 60,000 समोरचा भोपळा लगेच खुपला असता. पण खुपणाऱ्या आकड्यांनी सभा लांबते. उलट, बंद पडलेला पंप दुरुस्त करून गावाला पाणी देणाऱ्यांचे शीर्ष लाल. त्यांच्याकडून खुलासा मागवणे ओघाने आलेच.

पुढची पायरी आम्ही सुचवतो. लाल खर्च शून्य तरतुदीच्या शीर्षाखाली टाकावा. `=C9/B9` मध्ये शून्याने भागता येत नाही. चौकटीत `#DIV/0!` उमटते आणि कुठलाच रंग चढत नाही. तक्ता निष्कलंक, ठराव एकमताने मंजूर.

आता गोदामाईला एवढीच नम्र विनंती: गावात शिरण्यापूर्वी नालेसफाईची चौकट पाहून घ्यावी.