बेस्ट रेट द्या, साहेब

सोलापुरात टॉवेलचा भाव मराठीत, कानडीत, तेलुगूत आणि या तिन्हींना पोटात घेणाऱ्या आपल्या खास हिंदीत विचारता येतो. चारही भाषांत तो सारख्याच मोघमपणे विचारला जातो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या कुठल्याही कारखानदाराचा व्हॉट्सॲप उघडला तर साधारण हाच संवाद सापडेल. ‘टॉवेल काय रेट?’ ‘कोणता पाहिजे साहेब?’ ‘चांगला.’ ‘साईज?’ ‘नेहमीची.’ ‘किती नग?’ ‘ते रेटवर आहे, आधी बेस्ट रेट द्या.’ यापुढे कारखानदार हात जोडल्याचं चित्र पाठवतो. विचारणाऱ्याला तो नमस्कार वाटतो, पण पाठवणाऱ्याने हात टेकलेले असतात.

असं का विचारलं जातं, याचं नेहमीचं उत्तर म्हणजे घाई आणि आळस. मला ते पटत नाही. आळशी माणूस एकदा नीट लिहून मोकळा होईल, दिवसभर ‘सर, अपडेट?’ करत बसणार नाही. मोघम विचारण्यामागे हिशेब असतो: आपण काहीच कबूल करायचं नाही, समोरच्याकडून आकडा काढून घ्यायचा आणि मग ठरवायचं. अडचण एवढीच की समोरचाही सोलापुरातच धंदा करतो. तुम्ही मोकळ्या ठेवलेल्या प्रत्येक गोष्टीची किंमत तो भावात धरतो. सावध असेल तर आकडा फुगवून सांगतो आणि ऑर्डर हवीच असेल तर आकडा खाली आणतो. मग टॉवेलही त्या आकड्याच्या मापाचा विणतो. दोन्ही वेळा पैसे तुमचेच जातात.

समजा, सोलापुरातल्या एका लॉजला 600 पांढरे टॉवेल हवे आहेत. मॅनेजरने तिघांना वरचाच मेसेज पाठवला. पहिल्याने सांगितलं नगाला 178 रुपये, दुसऱ्याने किलोला 400 आणि तिसऱ्याने डझनाला 1,980. (आकडे हिशेबापुरते घेतले आहेत, बाजारभाव म्हणून घेऊन कुणाशी भांडू नये.) मॅनेजर हुशार. त्याने 1,980 ला 12 ने भागून 165 काढले, ‘नगामागे 13 रुपये वाचले’ म्हणून तिसऱ्याला ऑर्डर दिली आणि मालकाची शाबासकी घेतली. वजन त्याने विचारलं नव्हतं, त्यामुळे ते कुणी सांगितलंही नव्हतं. पहिल्या दोघांच्या मनात 75 बाय 150 सेंटिमीटरचा, म्हणजे आपल्या बोलीतला तीस-साठचा, 450 ग्रॅमचा टॉवेल होता. तिसऱ्याचा त्याच मापाचा होता, पण 375 ग्रॅमचा.

आता किलोने बघू. 165 रुपयांत 375 ग्रॅम म्हणजे किलोला 440 पडले. सगळ्यात स्वस्त दिसणारा माल सगळ्यात महाग निघाला. दुसऱ्याचा टॉवेल 180 ला पडत होता. त्याच्याशी ताडलं तर 600 नगांत 9,000 रुपये वाचले, पण 45 किलो माल कमी आला. दुसऱ्याच्याच भावाने त्या 45 किलोंचे 18,000 होतात. यात तिसऱ्याने काहीही फसवलेलं नाही. त्याला ‘चांगला’ टॉवेल मागितला होता, त्याच्या मते त्याने चांगलाच दिला. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोघांनाही भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. पण माल कुठला, एवढंच ते सांगतं. किती ग्रॅमचा, हे गिऱ्हाइकानेच सांगायचं असतं.

गंमत अशी की नेमकं पत्र लिहायला लागणारी माहिती त्या मोघम चॅटमध्येच दडलेली असते, फक्त ती दुसऱ्या बाजूने आलेली असते. कारखानदाराने उलट विचारलेला प्रत्येक प्रश्न ही तुमच्या पत्रातली राहून गेलेली ओळ असते. कोणता, साईज काय, किती नग, पोच कुठे, बिल पाहिजे का, पेमेंट कसं. चॅट वर सरकवत जावं आणि ज्या ज्या ठिकाणी आपण ‘बघू’, ‘नेहमीचं’, ‘मागच्यासारखं’ असं लिहिलंय, तिथे आकडा घालावा. ‘मागच्यासारखं’ हा त्यातला सगळ्यात घातक शब्द, कारण मागचा माल प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा असतो. आकडा माहीत नसेल तर तो कपाटातच असतो. बरा वाटलेला जुना टॉवेल काढायचा, टेपने मोजायचा आणि किराणा दुकानातल्या काट्यावर तोलायचा. लांबी-रुंदी मीटरमध्ये घेऊन गुणली की 1.125 चौरस मीटर येतात. 450 ग्रॅमला त्याने भागलं की 400. बाजारात ज्याला जीएसएम म्हणतात ते हेच, चौरस मीटरला किती ग्रॅम. मात्र जुना टॉवेल धुऊन धुऊन आटलेला आणि झिजलेला असतो, म्हणून त्याचा आकडा ताडून बघण्यापुरताच घ्यावा. पत्रात तयार नव्या मालाचंच माप आणि वजन लिहावं.

मग पत्र असं होतं:

‘विषय: दरपत्रक हवे – पांढरे टेरी टॉवेल, 600 नग – बुधवार, 12 नोव्हेंबर, संध्याकाळी 5 पर्यंत.
माल: 100 टक्के कॉटन, पांढरा, साधी डॉबी किनार, नाव विणायचे नाही. तयार माप 75 × 150 सें.मी., तयार वजन नगाला 450 ग्रॅम, वजनात फरक 5 टक्के कमी-जास्त चालेल. पहिल्या धुण्यापासून पाणी शोषले पाहिजे.
दर: नगाला, जीएसटी वेगळा दाखवून, आमच्या दारात पोच धरून. दर 30 नोव्हेंबरपर्यंत कायम असावा.
पोच: 20 डिसेंबरपर्यंत, 12 नगांचे गठ्ठे. प्रत्येक गठ्ठ्यातला एक नग तोलून माल उतरवून घेऊ.
पेमेंट: माल स्वीकारल्यापासून 30 दिवसांत.
दरासोबत एक नमुना पाठवावा. यापेक्षा बरा पर्याय असल्यास तो वेगळ्या ओळीत, वेगळ्या दराने सुचवावा.’

यातल्या दोन-तीन गोष्टी जास्तीच्या वाटतील, पण त्यांच्यावाचून पत्र लंगडं. पाणी शोषण्याची ओळ अशासाठी की हाताला लोण्यासारखा लागणारा नवा टॉवेल पुष्कळदा सिलिकॉन सॉफ्टनरने तसा लागतो. तो अंगावरचं पाणी टिपत नाही, नुसतं इकडचं तिकडे करतो. नमुन्यावर पाण्याचा थेंब टाकावा. तो मुरला तर ठीक, मोत्यासारखा वर बसून राहिला तर समजून घ्यावं. पाच टक्क्यांची सूट ही काही कारखानदारावरची मेहेरबानी नव्हे. सूत हवेतला ओलावा धरतं, त्यामुळे सकाळी तोललेला टॉवेल आणि भर उन्हाळ्यातल्या दुपारी तोललेला टॉवेल यांत थोडा फरक पडतोच. सूट लिहिली नाही तर 448 ग्रॅमवरूनही भांडण होतं आणि 400 ग्रॅमवरूनही, आणि पहिलं भांडण करणाऱ्याचं दुसऱ्या वेळी कुणी ऐकत नाही. पत्रात पांढरा म्हटलंय म्हणून रंगाचा प्रश्न मिटला. लॉजला मरून किंवा निळा हवा असता, तर ‘आमची लाँड्री क्लोरीन वापरते’ ही ओळ घालावी लागली असती. तो रंग क्लोरीनला टिकणाऱ्या व्हॅट डायचा लागतो, आणि तो महाग पडतो. ही ओळ गाळली की दर छान येतात आणि चार धुण्यांत मरूनचा गुलाबी होतो.

तारखेबद्दल आपल्याकडे वेगळंच शास्त्र आहे. ‘लवकरात लवकर’ याचा अर्थ कधीही नाही, आणि ‘गड्ड्यानंतर बघू’ याचा अर्थ जानेवारीतली सिद्धेश्वराची यात्रा झाल्यावर, पण कुठल्या वर्षीची ते सांगत नाहीत. म्हणून पत्रात तीन तारखा लागतात: दर कधीपर्यंत द्यायचा, तो कधीपर्यंत टिकायचा आणि माल कधी पोचायचा. मधली तारीख सगळे विसरतात, आणि खरा मार तिथेच बसतो. सुताचे भाव हलते असतात, त्यामुळे कुठलाही शहाणा कारखानदार महिनोन् महिने एकच दर धरून ठेवत नाही. तुम्ही दर नोव्हेंबरात मागून ऑर्डर जानेवारीत दिलीत, तर ‘साहेब, तो रेट तेव्हाचा’ हे उत्तर अगदी न्याय्य आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला. ‘ओ काका, आमचं तीस वर्षांचं घरोब्याचं नातं, त्यांना काय असलं वकिली पत्र पाठवायचं?’ माझं म्हणणं, नातं आहे म्हणूनच पाठवावं. परक्याशी वाद झाला तर पुढचा माल दुसरीकडून घेता येतो. घरोब्यातल्या माणसाशी 75 ग्रॅमवरून बिनसलं तर लग्नकार्यात समोरासमोर जेवायला बसावं लागतं. आणि नात्याचा खरा ताण पेमेंटवर पडतो, जे चॅटमध्ये कुणीच लिहीत नाही. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत छोट्या कारखानदाराचे पैसे लेखी ठरलेल्या मुदतीत द्यायचे असतात, आणि ती मुदत 45 दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. काहीच लिहिलेलं नसेल तर 15 दिवस. तेव्हा ‘पेमेंटचं बघू’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाने स्वतःचीच मुदत आखडून घेतलेली असते.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: ‘ते मेल उघडतच नाहीत.’ बरोबर, कित्येक जण उघडत नाहीत. म्हणून मेल पाठवावा आणि तोच मजकूर व्हॉट्सॲपवरही टाकावा, खाली एक ओळ: ‘दर मेलवर किंवा इथेच, पण याच क्रमाने लिहून द्या.’ मेलचा आग्रह त्यातल्या तारखेसाठी आणि सहा महिन्यांनी सापडण्यासाठी. चॅटमध्ये तो दर सुप्रभातच्या फुलांखाली गाडला जातो.

तिसरा आक्षेप मात्र मला अर्धा मान्य आहे. फार नेमकं लिहिलं की छोटा यंत्रमागवाला बिचकतो. कुणी मोठ्या हॉटेलचं पत्र बघून त्यातला सुताचा नंबर, पाइलची उंची आणि प्रयोगशाळेचे दाखले 600 टॉवेलच्या पत्रात उतरवले, तर उत्तर एकाचंच येईल आणि तोही त्या कागदांचा खर्च दरात धरेल. दारात उभं राहून जे तपासता येतं तेवढंच मागावं: माप, वजन, पाण्याचा थेंब. सूत कुठलं वापरायचं ते त्याला ठरवू द्यावं, त्यातलं त्याला जास्त कळतं. आणि पाहुण्यांसाठी सहा टॉवेल हवे असतील तर पत्र वगैरे काही नको, दुकानात जावं आणि हाताने चाचपून घ्यावेत.

एवढं करूनही पत्र गेल्यावर तासाभरात फोन येतोच. ‘साहेब, एवढं लिहायचं काय काम होतं, फोनवर सांगायचं ना!’ आणि मग तो एक असा प्रश्न विचारतो जो पत्रात खरोखरच राहून गेलेला असतो. किनार एका बाजूला की दोन्ही? उत्तर फोनवर द्यावं, पण ते तिथेच सोडू नये. ‘किनार दोन्ही टोकांना’ ही ओळ लगेच तिघांनाही पाठवावी, नाहीतर विचारणारा दोन किनारींचा दर देणार, बाकीचे दोघे एकीचा, आणि तुलनेचा तक्ता पुन्हा त्या मॅनेजरच्या तक्त्यासारखा होणार. बदल मोठा असेल तर बुधवारची तारीखही तिघांसाठी सारखीच पुढे न्यावी. ज्याने फोन केला त्याला तेवढी दोन दिवसांची सवलत दिली, की उरलेल्या दोघांना ते कळायला सोलापुरात संध्याकाळ पुरते.