परत आलेल्या डब्याची साक्ष

स्वॉट म्हणजे एका कागदावरचे चार चौकोन: बलस्थानं, उणिवा, संधी आणि धोके. त्याचं मूळ 1960च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत सांगतात, आणि तिथे बड्या कंपन्यांचं नियोजन चाले, पोळ्या लाटल्या जात नसत. तरी मीरा रोडला 40 डबे देणारीलाही तो कागद चालतो. फक्त तो भरताना स्वतःच्या कौतुकाला ओट्यापासून लांब ठेवावं लागतं. पहिल्या चौकोनात आम्ही सगळ्याजणी ‘घरगुती चव’ लिहितो. शांतीनगरात प्रत्येक मजल्यावरची चव घरगुतीच असेल, तर ते बलस्थान कसलं? शेजारणीकडे नाही आणि गिऱ्हाईक ज्यासाठी टिकतं, तेच बलस्थान, आणि त्याची साक्ष परत आलेला डबा देतो. माझी गवार अर्धीअधिक परत येते, पोळी कधीच येत नाही. म्हणजे बलस्थान पोळी. ती लाटणाऱ्या बाई एकट्याच, म्हणून शेजारच्या चौकोनातही त्याच.

यावर कुणी म्हणेल, एवढं तर डोक्यात असतंच. असतं, पण डोक्यात सिलिंडरची दरवाढ आणि बाईंची सुट्टी दोन्ही ‘नशीब’ या एकाच खात्यावर जमा होतात. मी उद्या शटर ओढलं तरी सिलिंडर महागायचा तो महागेलच, म्हणून तो बाहेरचा धोका. त्यावर फक्त डब्याचा दर वाढवता येतो. बाईंची सुट्टी माझ्या धंद्याबाहेर कुणाला छळत नाही, म्हणून ती उणीव, आणि दुसरी लाटणारी तयार केली की मिटते.

संधीच्या चौकोनात तर इच्छा लिहिल्या जातात. ‘जैन डबा सुरू करणे’ ही संधी नव्हे, बेत झाला. भाईंदर पश्चिमेला जैन वस्ती मोठी आहे, ही संधी. आता ती उणिवांशेजारी ठेवावी. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांना थंडीत सहाच्या आत डबा हवा. माझे डबे आठला निघतात, म्हणजे रात्रीचा विषय संपला. दुपारी जमेल, पण कांदा, लसूण, बटाटा नको, कढई आणि मिक्सरचं भांडं वेगळं हवं, आणि रविवारची अंडाकरी बंद. अंडाकरीचे 20 रुपये जादा घेते, त्यातले 14 अंड्यांतच जातात. 10 डबे, चार रविवार, हातात 240 रुपये. जैन डब्यामागे रोजचे 20 रुपये सुटले, तर महिन्याच्या 26 दिवसांचे 520, म्हणजे एकाच डब्यात भरपाई. हिशेब इतका सोपा झाला की संशय घ्यावा: अंडाकरीवाले दहाजण रविवारी रुसून सोमवारीही आले नाहीत, तर 240 नव्हे, दहा आख्खी गिऱ्हाइकं गेली. म्हणून आधी त्या दहाजणांना विचारायचं, कढई नंतर घ्यायची.

कागद मात्र कपाटात ठेवलेला बरा. पहिल्या चौकोनातलं स्वतःचं नाव बाईंनी वाचलं, तर त्या पगारवाढ मागतील, आणि पुराव्यानिशी मागतील.